पासवर्डच्या कॅरोसेलमध्ये पहिली स्लाइड पासवर्डची नको

प्रश्न: मी नाशिकला शाळेत कॉम्प्युटर शिकवते. आठवी ते दहावीची मुलं आणि त्यांचे पालक अशा दोघांसाठी पासवर्ड आणि अकाउंट सेफ्टीवर एक कॅरोसेल करायचाय, एका स्लाइडवर एकच सवय. कोणत्या सवयी घेऊ आणि कुठल्या क्रमाने? 'स्ट्राँग पासवर्ड ठेवा' हे तर सगळेच टाकतात.

मॅडम, पहिली स्लाइड ईमेलच्या रिकव्हरी नंबरची घ्या. पासवर्ड नंतर येऊ दे. मी नाशिकमधल्या शाळांत आणि क्लासेसमध्ये याच विषयावर सेशन घेतो आणि सेशन झालं की मागे थांबून ज्यांचं अकाउंट खरंच गेलंय ते पालक भेटतात, त्यांचं ऐकून ऐकून माझं मत असं झालंय की मुलांची अकाउंट पासवर्ड कुणी ओळखला म्हणून फार कमी जातात. एकतर मूल स्वतःच्या हाताने आलेला कोड किंवा लिंक दुसऱ्याला देतं, नाहीतर गेलेलं अकाउंट परत मिळवायचा रस्ता आधीपासूनच बंद पडलेला असतो आणि ते घरात कुणालाच माहीत नसतं. पासवर्ड हे पुढचं दार आणि 'Forgot password?' हे मागचं दार, सगळी पोस्टर पुढच्या दाराला कुलूप लावायला सांगतात आणि मागच्या दाराची किल्ली कुणाच्या खिशात आहे हे कुणी विचारतच नाही.

एक केस सांगतो, ओळख पटेल असं काही ठेवत नाही. इंदिरानगरकडची दहावीतली मुलगी, मेहंदीच्या डिझाइनचं इन्स्टा अकाउंट, बऱ्यापैकी फॉलोअर्स. संध्याकाळी तिला वर्गातल्या मैत्रिणीच्या अकाउंटवरून मेसेज आला की मी एका कॉन्टेस्टमध्ये आहे, मला व्होट कर, तुझ्या नंबरवर एक लिंक येईल, ती उघडू नको फक्त तिचा स्क्रीनशॉट मला पाठव. मैत्रिणीचं अकाउंट आधीच गेलेलं होतं, समोर बसलेला माणूस वेगळाच होता. त्याने काय केलं तर इन्स्टावर या मुलीचा नंबर टाकून 'Forgot password?' दाबलं, इन्स्टाने मुलीच्या फोनवर रीसेटची लिंक एसेमेसने पाठवली, तिने स्क्रीनशॉट दिला, त्याने त्यातली लिंक बघून बघून आपल्या फोनवर टाइप केली आणि आत. पुढच्या दोन-चार मिनिटांत पासवर्ड बदलला, ईमेल बदलला, तिचा नंबर काढून टाकला. आता लक्षात घ्या, या मुलीचा पासवर्ड चांगला लांबलचक होता, कॅपिटल, आकडे, चिन्हं सगळं होतं त्यात, पण तो कुणी वापरलाच नाही.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, खरी गोष्ट पुढे आहे. ईमेल बदलला की इन्स्टा जुन्या ईमेलवर एक मेल पाठवतं की तुमचा पत्ता बदललाय, हे तुम्ही केलं नसेल तर इथून अकाउंट सुरक्षित करा. ती मेल म्हणजे परतीचं तिकीट. पण तिचं जीमेल उघडेना. ते अकाउंट आठवीत असताना कुठलातरी ऑनलाइन फॉर्म भरायला नेट कॅफेवाल्याने काढून दिलं होतं, पासवर्ड एका पावतीच्या मागे लिहिलेला, पावती गेली. रिकव्हरी करायला गेलो तर गूगल म्हणतंय अमुक नंबरवर कोड पाठवतो, आणि शेवटचे दोन आकडे दाखवले. वडिलांनी ते आकडे लगेच ओळखले, त्यांचा जुना नंबर, कंपनीचं सिम मिळाल्यावर बंद पडू दिलेला. आपल्याकडे बंद झालेला नंबर नव्वद दिवस कुणाला देत नाहीत, त्यानंतर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाऊ शकतो, आणि हा गेलाच होता. फोन लावला तर भलताच माणूस बोलला. म्हणजे मुलीच्या ईमेलची किल्ली एका अनोळखी माणसाच्या हातात होती आणि त्या बिचाऱ्याला ते माहीतही नव्हतं.

सुटलं कसं तर आईला आठवलं की ऑनलाइन शाळेच्या वेळचा स्क्रीन फुटलेला फोन कपाटात आहे. चार्ज केला, वायफाय दिलं, त्यात ते जीमेल अजून लॉगिन होतं. इन्स्टाची मेल त्यात पडलेली, तिथूनच अकाउंट परत आलं, त्या माणसाने अजून टू-फॅक्टर चालू केलं नव्हतं म्हणून सोपं गेलं. मग त्याच फोनवरून जीमेलचा पासवर्ड नव्याने ठेवला, कारण आधीपासून लॉगिन असलेल्या ओळखीच्या फोनवर गूगल बऱ्याचदा स्क्रीनवरच 'Yes' विचारून खात्री करून घेतं. सगळं प्रकरण एका जुन्या फोनवर तरलं, तो भंगारात दिला असता तर काय झालं असतं याचा विचार पालकांनी करायला हवा.

म्हणून तुमच्या कव्हरवर 'पासवर्ड सेफ्टीच्या दहा टिप्स' असं नको, लोक तेवढं वाचून पुढे जातात. कव्हरवर प्रश्न टाका: 'तुझा ईमेल कुणाच्या मोबाइल नंबरवर आहे?' बहुतेक मुलांना उत्तर येत नाही, बऱ्याच पालकांनाही येत नाही, आणि येत नाही म्हणूनच ते पुढे सरकवतात.

पहिली सवय मग हीच. स्लाइडवर एवढंच: 'आज आईबाबांसोबत बसून ईमेलचा रिकव्हरी नंबर बघ. तो नंबर चालू आहे का? घरातल्याच कुणाचा आहे का?' खाली बारीक अक्षरात रस्ता द्या, अँड्रॉइडवर Settings, मग Google, मग अकाउंट मॅनेज करायचं बटण, त्यात Security, तिथे रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल दोन्ही दिसतात. आयफोनवाल्यांनी ब्राउजरमध्ये myaccount.google.com टाइप करायचं. कॅप्शनमध्ये एक गोष्ट जरूर लिहा की नंबर बदलला तरी गूगल सात दिवसांपर्यंत जुन्या नंबरवरही कोड पाठवायचा पर्याय देऊ शकतं. याचे दोन अर्थ आहेत. सिम बंद करायचं असेल तर आधी अकाउंटमधला नंबर बदला, आठवडाभर थांबा, मग सिम सोडा. आणि उलट बाजूने, कुणी तुमचं अकाउंट घेऊन नंबर बदलला असेल तर त्याच सात दिवसांत हातपाय हलवा, तेव्हा जुना नंबर उपयोगी पडू शकतो.

रिकव्हरी ईमेल कुणाचा ठेवायचा तर आई किंवा वडिलांचा, मित्राचा नाही, मुलाच्याच दुसऱ्या बंद पडलेल्या अकाउंटचा तर मुळीच नाही. आणि जे जीमेल फक्त फॉर्मपुरतं काढलं होतं ते सोडून देऊ नका, गूगल दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक अकाउंट काढून टाकू शकतं. दहावीनंतर अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाला, पुढे सीईटीला हाच ईमेल लागतो आणि जूनमध्ये लॉगिन होईना म्हणून धावपळ करणारे पालक मी कॉलेज रोडवर दरवर्षी बघतो. कॅफेवाल्याने अकाउंट काढून दिलं असेल तर त्याने वेळ वाचवायला स्वतःचा नंबर टाकलेला असू शकतो, त्याचा हेतू वाईट असेलच असं नाही, पण नंबर त्याचा आहे म्हणजे अकाउंट अर्धं त्याचं आहे. तेही इथेच कळतं.

दुसरी स्लाइड आता पासवर्डची, पण फक्त ईमेलच्या पासवर्डची. 'ईमेलचा पासवर्ड लांब, आणि तो दुसरीकडे कुठेच नाही.' यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे आणि मुलांना तोच समजावून सांगावा लागतो. मुलं कुठल्यातरी गेमच्या साइटवर त्याच ईमेलने आणि त्याच पासवर्डने अकाउंट काढतात, ती साइट फुटते, ईमेल आणि पासवर्डच्या याद्या बाहेर येतात आणि मग कुणी माणूस बसून काही करत नाही, प्रोग्रॅम त्या जोड्या जीमेल, इन्स्टा, सगळीकडे लावून बघतो. म्हणजे पासवर्ड कितीही अवघड असला तरी तो दोन ठिकाणी असला की सगळ्यात ढिल्या साइटइतकाच तो मजबूत राहतो.

लांब म्हणजे कसा? मी सेशनमध्ये मुलांना विचारतो की पासवर्ड सांगू नका, फक्त हात वर करा, कुणाच्या पासवर्डमध्ये स्वतःचं किंवा घरातल्यांचं नाव आहे, कुणाच्या जन्मवर्ष आहे, कुणाच्या 123 आहे, कुणाच्या गाडीचा MH15 आहे. तिसऱ्या प्रश्नापर्यंत वर्गातले बहुतेक हात वर असतात आणि मुलं एकमेकांकडे बघायला लागतात, तिथे वेगळं काही सांगावं लागत नाही. त्याऐवजी चार शब्द, एकमेकांशी काही संबंध नसलेले, आणि हे शब्द डोक्यातून काढायचे नाहीत कारण डोकं नेहमी ओळखीचेच शब्द देतं, क्रिकेटर, देव, आवडतं गाणं. कुठलंही मराठी पुस्तक चार वेळा डोळे मिटून उघडायचं, बोट ठेवायचं, जो शब्द येईल तो इंग्रजी अक्षरांत लिहायचा, मध्ये आडवी रेघ टाकायची. साइट आकडा आणि कॅपिटल मागते म्हणून एखादा कुठेतरी मध्ये घालायचा. असा पासवर्ड टाइप करायला सोपा, दोन-तीन दिवसांत पाठ होतो. फक्त एक विनंती, स्लाइडवर तयार उदाहरण छापू नका, मुलं तोच पासवर्ड ठेवतात, पद्धत छापा.

दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला असं मात्र लिहू नका. जुना सल्ला आहे तो. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेनेही 2017 च्या मार्गदर्शनात ठराविक मुदतीने बदलायची सक्ती नको असंच म्हटलंय, कारण सक्ती केली की लोक शेवटचा 1 काढून 2 करतात. पासवर्ड फुटल्याचं कळलं, किंवा कुणाला दिला गेला, की त्याच दिवशी बदला, एवढं पुरे.

तिसरी सवय बाकीच्या सगळ्या अकाउंटची. 'बाकीचे पासवर्ड फोनला बनवू दे आणि फोनलाच लक्षात ठेवू दे.' अँड्रॉइडमध्ये गूगलचा पासवर्ड मॅनेजर असतो, आयफोनमध्ये नव्या सिस्टिमला Passwords नावाचं ॲपच आहे. पालक इथे घाबरतात की सगळं एकाच ठिकाणी ठेवायचं का, तर हो, पण म्हणूनच आधी ईमेल पक्का केला आणि म्हणूनच फोनला चांगला स्क्रीन लॉक हवा, चार आकडी जन्मतारीख नको. याचा एक फायदा आहे जो कुणी सांगत नाही. पासवर्ड मॅनेजर साइटचा पत्ता बघून पासवर्ड भरतो. म्हणजे इन्स्टासारखंच दिसणारं खोटं पान असेल तर आपल्या डोळ्यांना कळणार नाही पण फोन तिथे पासवर्ड सुचवणारच नाही. मुलांना हे असं सांगा: 'नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड आज भरला नाही, तर हाताने टाइप करू नको. थांब आणि पत्ता वाच.' ही ओळ स्लाइडवरच घ्या. खऱ्या साइटवरही कधीकधी भरला जात नाही हे मान्य, पण थांबून पत्ता वाचल्याने नुकसान काही होत नाही.

आणि कागदावर लिहिलं तर चालतं का असं आजीआजोबा, आईवडील हमखास विचारतात. घरात, कपाटात, वहीत, खुशाल. रशियातला चोर तुमच्या सिडकोच्या घरातलं कपाट उघडायला येत नाही. फोनच्या कव्हरमागे चिकटवलेली चिठ्ठी आणि गॅलरीतला फोटो मात्र नको.

चौथी स्लाइड सगळ्यात मोठ्या अक्षरात. 'माझ्या फोनवर आलेला कोड, लिंक, स्क्रीनशॉट कुणालाच नाही. मैत्रिणीलाही नाही.' ओटीपी देऊ नका हे मुलं रोज ऐकतात पण त्यांच्या डोक्यात ओटीपी म्हणजे बँक. कॉन्टेस्टची लिंक, 'चुकून तुझ्या नंबरवर माझा कोड गेला', गेमच्या स्किनसाठी व्हेरिफिकेशन, हे त्यांना ओटीपी वाटतच नाही. म्हणून शब्द पसरून लिहा: कोड, लिंक, स्क्रीनशॉट, क्यूआर. आणि ओळखायची खूण द्या, ती अशी की मी स्वतः आत्ता काही मागितलं नसताना कोड आला तर दुसरं कुणीतरी माझ्या दारात उभं आहे. मैत्रिणीने मागितला तर तिला साधा फोन करायचा, मेसेज नाही, आवाज ऐकायचा. आमच्या त्या केसमध्ये एक फोन केला असता तर दोन्ही अकाउंटचं एकदम कळलं असतं.

व्हॉट्सॲपचं इथेच एका वाक्यात घ्या कारण पालक तिथेच अडकतात. कुणाला सहा आकडी कोड दिला गेला आणि व्हॉट्सॲप आपल्या फोनमधून बाहेर पडलं, तर घाबरून ॲप काढून टाकू नका, लगेच आपलाच नंबर टाकून पुन्हा कोड मागवा आणि भरा, भरला की समोरचा बाहेर फेकला जातो. मग कदाचित आणखी एक पिन मागेल जो तुम्ही ठेवलेलाच नाही, तो त्याने ठेवलाय. तो माहीत नसेल तर सात दिवस थांबावं लागतं, पण त्या सात दिवसांत तोही आत नसतो हे पालकांना सांगा, नाहीतर ते आठवडाभर झोपत नाहीत. ही वेळच येऊ नये म्हणून हा पिन आधी आपण ठेवायचा, व्हॉट्सॲपच्या Settings मध्ये Account, त्यात Two-step verification, आणि सोबत ईमेल द्यायचा, तोच पक्का केलेला.

यातून पाचवी सवय आपोआप येते, दोन पायऱ्यांचं लॉगिन. इथे मला कळकळीने एक सांगायचंय, चालू करा एवढंच सांगून थांबू नका. मी अशी मुलं बघितली आहेत ज्यांनी सेशननंतर घरी जाऊन उत्साहाने टू-स्टेप चालू केलं, पुढे फोन पाण्यात पडला किंवा बसमध्ये गेला, आणि ती स्वतःच बाहेर राहिली. म्हणून स्लाइड अशी: 'टू-स्टेप चालू कर आणि बॅकअप कोड कागदावर घे.' गूगल एकावेळी दहा कोड देतं, प्रत्येक आठ आकडी, प्रत्येक एकदाच चालतो. इन्स्टाही देतं. ते कागदावर लिहून मार्कशीट आणि दाखल्यांच्या प्लॅस्टिक फाइलमध्ये ठेवायचे, ती फाइल नाशिकमधल्या कुठल्याही घरात सगळ्यात जपलेली वस्तू असते. नवीन दहा काढले की जुने रद्द होतात, म्हणून वर तारीख लिहायची. एसेमेसच्या कोडपेक्षा ऑथेंटिकेटर ॲप बरं, कारण सिम गेलं तरी ते चालतं, पण घरात कुणालाच ते जमणार नसेल तर एसेमेस चालू करा, काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरं.

सहावी स्लाइड पटकन होते. 'महिन्यातून एकदा बघ, मी कुठे कुठे लॉगिन आहे.' गूगलमध्ये Security खाली Your devices, इन्स्टात Accounts Centre मधलं Where you're logged in, व्हॉट्सॲपमध्ये Linked devices. कॅफेचा कॉम्प्युटर, शाळेच्या लॅबचा, विकलेला फोन, मावसभावाचा लॅपटॉप, जे ओळखीचं नाही किंवा आता आपल्याकडे नाही ते बाहेर काढायचं. व्हॉट्सॲपच्या यादीकडे विशेष बघायला सांगा, कारण तिथे कुणी आपलं व्हॉट्सॲप स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडलं तर आपल्या फोनमधून काहीच बाहेर पडत नाही, सगळं नेहमीसारखं चालू राहतं आणि तो बाजूला बसून वाचत असतो. फक्त एक काळजी, तो कपाटातला जुना फोन आपलाच असेल आणि लॉक असेल तर त्याला लगेच काढू नका, आधी बॅकअप कोड हातात घ्या.

सातवी स्लाइड मुलांना आवडणार नाही पण घ्याच. 'पासवर्ड मैत्रीचा पुरावा नाही.' सुट्टीत गावाला जाताना स्नॅपची स्ट्रीक तुटू नये म्हणून मैत्रिणीला पासवर्ड दिला, हे मी इतक्या वेळा ऐकलंय. दिला तेव्हा सगळं गोड असतं, तीन महिन्यांनी भांडण होतं आणि मग चॅटचे स्क्रीनशॉट वर्गाच्या ग्रुपवर फिरतात. इथे मुलाला दटावू नका, त्याला म्हणायला एक वाक्य द्या, म्हणजे त्याची मैत्री पण राहते: 'आमच्या घरी रूल आहे, पासवर्ड फक्त आईकडे.' दोष आईवर जातो, आईने तो आनंदाने घ्यावा.

आईकडे खरंच असावा का हा वेगळा प्रश्न आणि पालक तो विचारणारच. माझं मत असं की ईमेलचा पासवर्ड आणि बॅकअप कोड बंद पाकिटात त्या फाइलमध्ये असावेत, पाकीट अडचणीतच उघडायचं आणि उघडलं तर मुलाला सांगून. रोज मुलाच्या अकाउंटमध्ये शिरून चॅट वाचणाऱ्या घरातलं मूल दुसरं अकाउंट काढतं, ज्याचा नंबर, ईमेल काहीच घरच्यांना माहीत नसतं, आणि मग काही झालं तर परत मिळवायला हातात धागाच नसतो. तेरापेक्षा लहान मुलाची गोष्ट वेगळी, त्याच्यासाठी गूगलचं फॅमिली लिंक आहे, तिथे अकाउंट पालकांच्याच देखरेखीत असतं.

शेवटची स्लाइड, काही झालंच तर. ही एकच स्लाइड मी पालकांना उद्देशून लिहीन, बाकी सगळीकडे मुलांना 'तू' म्हणा आणि खाली एका वेगळ्या रंगाच्या पट्टीत 'आईबाबा' म्हणून एक ओळ द्या, दोघांना एकाच वाक्यात 'आपण' म्हणायला गेलात की मुलं समजतात हे मोठ्यांसाठी आहे आणि मोठे समजतात मुलांसाठी आहे. स्लाइड: 'मुलाने येऊन सांगितलं तर पहिली दहा मिनिटं ओरडू नका. आधी ईमेल उघडा.' कारण क्रम महत्त्वाचा आहे. आधी ईमेलचा पासवर्ड बदलायचा, मग इन्स्टाची ती मेल शोधायची, सापडली नाही तर instagram.com/hacked वर जायचं, मग सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट, मग मित्रांना दुसऱ्या मार्गाने कळवायचं की माझ्या अकाउंटवरून मेसेज आला तर उत्तर देऊ नका. उलट्या क्रमाने केलं आणि ईमेलही त्याच माणसाकडे असेल तर तुम्ही बदललेला पासवर्ड तो पुन्हा बदलतो. मूल जर ओरड्याच्या भीतीने रात्रभर गप्प बसलं तर ती रात्र समोरच्याला मिळते, हे पालकांना ठासून सांगा.

पैसे गेले असतील तर लगेच 1930 ला फोन, तिथे मिनिटं मोजली जातात. पैसे गेले नाहीत पण अकाउंट गेलं, फोटोची धमकी आली, खोटं प्रोफाइल निघालं, तर cybercrime.gov.in वर तक्रार, आणि नाशिक शहराचं सायबर पोलीस ठाणं आहे, सिन्नर-निफाडसारख्या गावांकडच्यांसाठी ग्रामीणचं वेगळं आहे. जाताना स्क्रीनशॉट, अकाउंटची लिंक आणि मेसेजची वेळ घेऊन जायचं, चॅट डिलीट करून जायचं नाही. मुलं लाजेने आधी तेच डिलीट करतात.

बनवण्याबद्दल थोडं. 1080 बाय 1350 ठेवा, एका स्लाइडवर पंधरा-वीस शब्दांपुढे जाऊ नका, मराठी अक्षर जाड घेतलं की वेलांट्या आणि मात्रा एकमेकांत मिसळतात म्हणून फाइल स्वस्तातल्या छोट्या फोनवर उघडून बघा. कॅरोसेलमध्ये किंवा कॅप्शनमध्ये दाबायची लिंक आणि स्कॅन करायचा क्यूआर देऊ नका, पत्ता अक्षरांत द्या आणि टाइप करायला सांगा, कारण लिंकवर थांब म्हणणाऱ्या पोस्टनेच लिंक दाबायला लावली तर मुलं कुठलं ऐकतील. पालकांच्या ग्रुपवर टाकताना सगळ्या स्लाइड एकदम टाकू नका, रोज एक टाका, शुक्रवारी पहिली म्हणजे शनिवार-रविवारी आईबाबा घरी असताना रिकव्हरी नंबर बघून होतो. आणि या मेन्यूंची नावं ॲपवाले बदलत राहतात, त्यामुळे टाकायच्या आदल्या दिवशी एक अँड्रॉइड आणि एक आयफोन घेऊन प्रत्येक रस्ता स्वतः चालून बघा, जिथे नाव बदललं असेल तिथे स्लाइड बदला आणि कोपऱ्यात महिना-वर्ष टाका.